वाड्याखालून भुयार जाणार असेल तर: जमीन किती खचेल आणि भिंत कुठे फाटेल, हे आधी कसं काढायचं

भुयार बरोबर ज्या घराच्या पोटाखालून जातं, त्या घरालाच सगळ्यात जास्त धोका, असं बहुतेकांना वाटतं. मऊ जमिनीत बऱ्याचदा तसं नसतं. भुयाराच्या डोक्यावरची जमीन सगळ्यात जास्त खाली बसते हे खरं, पण तिथे ती मधोमध बशीसारखी बसते आणि भिंत दोन्ही बाजूंनी आत दाबली जाते. विटामातीला दाब चालतो, ताण चालत नाही. ताण येतो तो बशीच्या कडेला, म्हणजे भुयारापासून चार-सहा मीटर बाजूला उभ्या असलेल्या भिंतीत. म्हणून वाड्याच्या मालकाने किंवा नव्या इंजिनिअरने पहिला प्रश्न "किती मिलीमीटर खचणार?" असा विचारू नये. "माझी भिंत त्या खळग्यात नेमकी कुठे उभी आहे?" हे आधी विचारावं. पुढचं सगळं गणित त्या एका प्रश्नासाठी आहे.

जुन्या नाशिकचं उदाहरण घेतो. भुयार कल्पित आहे, आकडे मी धरलेले आहेत, पण वाडा आणि जमीन आपल्या ओळखीची आहे.

आधी जमीन कोणती ते पाहा

"नाशिक नव टेकांवर वसविले" असं आपण म्हणतो. आपल्या भागाचा पाया दख्खनचा काळा पाषाण, आणि शहराच्या बऱ्याच भागात थोड्या मातीखाली मुरूम आणि मग खडक लागतो. तिथून भुयार पूर्ण खडकात गेलं आणि डोक्यावर खडकाचं चांगलं जाड आवरण राहिलं, तर इथे सांगतोय त्या प्रकारचा खळगा जवळजवळ पडतच नाही. तिथे कंपनं आणि पाणी हे वेगळे विषय. हा लेख आहे गोदावरीकाठच्या गाळासाठी, भरावासाठी आणि जुन्या गढीसारख्या मातीच्या उंचवट्यांसाठी. त्या गढीच्या कडा पावसाळ्यात ढासळतात ते आपण पाहतोच. तीच माती भुयाराच्या छतावर असेल तर ती तशीच वागणार.

त्यामुळे पहिलं पाऊल म्हणजे बोअर. प्रत्येक गल्लीत खडक किती खोल आहे ते कळलंच पाहिजे, कारण आपल्याकडे तो दोन घरांच्या अंतरात दोन-तीन मीटर वरखाली होऊ शकतो. बोअरच्या अहवालात तीन गोष्टी बघा: मऊ थर कुठपर्यंत आहे, तो चिकणमातीचा आहे की वाळू-भरावाचा, आणि पाणी किती खोलीवर लागलं. पाण्याची नोंद कोणत्या महिन्यातली आहे तेही विचारा. मे महिन्यातली पातळी ऑगस्टमध्ये उपयोगाची नाही.

खळगा काढायची रीत

भुयार खणताना जेवढ्या आकाराचं भोक लागतं त्यापेक्षा थोडी जास्त माती नेहमीच आत येते. समोरच्या तोंडातून थोडी सरकते, यंत्राच्या कवचाभोवतीच्या फटीत थोडी बसते, शेपटीमागे अस्तराभोवती जी पोकळी राहते तिथे थोडी उतरते. ही जास्तीची माती भोकाच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के, त्याला व्हॉल्यूम लॉस म्हणतात. पाणी न निचरलेल्या चिकणमातीत खाली हरवलेलं जेवढं घनफळ, तेवढाच खळगा वर रस्त्यावर पडतो. अमेरिकी अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ साली मेक्सिकोतल्या परिषदेत दाखवलं की आडव्या छेदात हा खळगा घंटेच्या वक्राला चांगला जुळतो:

```
S(x) = Smax · exp( −x² / (2·i²) )
i    = K · z
Smax = Vs / (2.5 · i)
```

x म्हणजे भुयाराच्या मध्यरेषेपासूनचं आडवं अंतर. z म्हणजे भुयाराच्या अक्षाची खोली, पण ती रस्त्यापासून मोजायची नाही, वाड्याच्या पायाच्या तळापासून मोजायची. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. Vs म्हणजे दर मीटर लांबीला हरवलेलं घनफळ. i हा वक्राचा वळणबिंदू: त्याच्या आत जमीन बशीसारखी असते, बाहेर उलट्या बशीसारखी. K जमिनीप्रमाणे बदलतो. चिकणमातीत तो साधारण ०.४ ते ०.६ आणि कोरड्या वाळूत ०.२५ ते ०.३५ धरतात.

आता आपली गल्ली. मैलापाण्याच्या मुख्य वाहिनीसाठी ४ मीटर व्यासाचं भुयार, अक्ष रस्त्याखाली ११ मीटर. वाड्याचं काळ्या दगडाचं जोतं जमिनीत १ मीटर उतरलेलं, म्हणून z = १० मीटर. माती गाळवट चिकण, K = ०.५, म्हणजे i = ५ मीटर. भोकाचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस मीटर. व्हॉल्यूम लॉस २ टक्के धरला तर दर मीटरला सुमारे २५१ लिटर माती हरवते. २५१ ला २.५ गुणिले ५ ने भागलं की मध्यरेषेवर २० मिलीमीटर खच येतो.

बाजूला सरकत गेलं की तो असा उतरतो: २.५ मीटरवर १७.६ मिलीमीटर, ५ मीटरवर १२.१, ७.५ मीटरवर ६.५, १० मीटरवर २.७ आणि १२.५ मीटरवर १ मिलीमीटरच्याही खाली. म्हणजे व्यवहारात खळगा दोन्ही बाजूंना i च्या अडीच पट अंतरावर संपतो.

इथेच पहिली चाळणी लागते. खच १० मिलीमीटरच्या आत आणि जमिनीचा उतार ५०० ला १ पेक्षा कमी असेल, तर साधारण इमारतीसाठी पुढचं गणित करत बसत नाहीत. आपला सगळ्यात तीव्र उतार वळणबिंदूवर येतो, ०.६०६ गुणिले Smax भागिले i, म्हणजे सुमारे ४१२ ला १. दोन्ही अटी मोडल्या. व्हॉल्यूम लॉस १ टक्का ठेवता आला असता तर खच १० मिलीमीटर आणि उतार ८२५ ला १ आला असता, आणि वाडा चाळणीच्या उंबरठ्यावर राहिला असता. एका टक्क्याचा फरक एवढा आहे, आणि तो कागदावर ठरत नाही, टीबीएम, म्हणजे भुयार खणणारं यंत्र, चालवणाऱ्याच्या हातात असतो.

भरावाच्या किंवा वाळूच्या मातीत K ०.३ आला तर i फक्त ३ मीटर राहतो. खळगा अरुंद आणि खोल होतो: मध्ये ३३ मिलीमीटर, उतार दीडशेला १. रस्त्यालगतच्या ओट्याची दैना होते, पण मागच्या घराला काही कळत नाही. म्हणून K चा एकच आकडा घेऊन थांबू नका, दोन्ही टोकांनी गणित करा.

भिंत खळग्यावर ठेवून बघा

नाशिकचे गावठाणातले वाडे तोंडाला अरुंद आणि आत खोल. भुयार गल्लीच्या मधून जातंय, म्हणजे दर्शनी भिंत मध्यरेषेपासून २.५ मीटरवर. दोन घरांच्या मधली सामाईक भिंत भुयाराला काटकोनात २.५ पासून १७.५ मीटरपर्यंत मागे जाते. उंची दोन मजले, साडेसात मीटर धरू.

कागदावर खळगा काढा आणि खाली ही भिंत आखा. पहिले अडीच मीटर वळणबिंदूच्या आत आहेत, तिथे बशी आहे, काळजी कमी. ५ मीटरपासून १२.५ मीटरपर्यंत उलटी बशी, ज्याला इंजिनिअर हॉगिंग म्हणतात. या साडेसात मीटरांत भिंत पाठीवर वाकते आणि तिचा वरचा भाग उघडू पाहतो. १२.५ च्या पुढे जमीन जवळजवळ हलतच नाही. म्हणजे भिंतीचा मागचा भाग घट्ट रोवलेला आणि पुढचा भाग गल्लीकडे ओढला जातोय, असं चित्र आहे.

ओढला जातोय हा शब्द जाणूनबुजून वापरला. जमीन नुसती खाली जात नाही, ती भुयाराकडे सरकतेही. चिकणमातीत हे आडवं सरकणं साधारण S गुणिले x भागिले z इतकं असतं. ५ मीटरवर ते ६.१ मिलीमीटर येतं, १२.५ मीटरवर १.१. दोन्हींतला फरक ५ मिलीमीटर, साडेसात मीटर लांबीवर. म्हणजे सरासरी ताण ०.०६६ टक्के.

वाकण्याचा भाग वेगळा काढायचा. ५ आणि १२.५ मीटरवरचे बिंदू सरळ रेषेने जोडा आणि वक्र त्या रेषेपासून जास्तीत जास्त किती दूर जातो ते मोजा. इथे ते पावणेनऊ मीटरच्या आसपास २.२ मिलीमीटर येतं. लांबीने भागलं की ०.०२९ टक्के. लांबी आणि उंची सारखी असलेल्या दगडविटांच्या भिंतीत, बर्लंड आणि रॉथ यांच्या पद्धतीने, यातून वाकण्याचा ताण साधारण ०.०२१ टक्के निघतो. दोन्ही मिळून ०.०८७ टक्के.

पाहा, तीन-चतुर्थांश ताण आडव्या ओढीचा आहे. नुसत्या खचण्याकडे बघणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच भाग सुटतो.

रूढ वर्गवारीत ०.०५ टक्क्यांच्या आत नगण्य, ०.०७५ पर्यंत अगदी किरकोळ, ०.१५ पर्यंत किरकोळ आणि ०.३ पर्यंत मध्यम नुकसान मानतात. आपला वाडा किरकोळमध्ये पडतो. याचा अर्थ ५ मिलीमीटरपर्यंतच्या भेगा, अडकणारी दारं-खिडक्या, आतून गिलावा करून मिटवता येण्यासारखं काम. व्हॉल्यूम लॉस १ टक्का झाला तर ताण निम्मा, ०.०४४, म्हणजे नगण्य. ४ टक्के झाला तर ०.१७, म्हणजे मध्यम: दारं बसणार नाहीत, पाण्याचे नळ तुटू शकतात, काही विटा काढून पुन्हा बांधाव्या लागतील.

वर्गवारी तुमच्या वाड्याला किती लागू पडते

ही वर्गवारी सलग, धडधाकट भिंत धरून केलेली आहे. वाडा तसा नसतो. मातीच्या गाऱ्यात बांधलेली वीट, मध्ये लाकडी खांब आणि तुळया, पुढचा सोपा एका काळातला, मागची पडवी दुसऱ्या. लाकडी सांगाडा लवचीक असतो, तो थोडं वाकणं सहन करतो, हे वाड्याच्या बाजूने आहे. पण जुनी आणि नवी भिंत जिथे नुसती टेकवलेली असते, एकमेकीत गुंफलेली नसते, तिथे सगळी ओढ एकाच सांध्यात गोळा होते. गणितातले ते ५ मिलीमीटर साडेसात मीटरांत वाटले जाणार होते. तसा सांधा आठ-दहा मीटरवर असेल तर ते सगळे तिथेच उघडतात आणि बाकीची भिंत कोरी राहते.

म्हणून वाड्याची पाहणी करताना सांधे शोधणं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. दारं, कोनाडे आणि जुन्या चुली जिथे बुजवल्या आहेत तिथे बोटाच्या पेरांनी ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. तुळईचं टोक भिंतीत किती आत आहे ते मोजा, आणि ते कुजलेलं नाही ना हे दाभण घालून बघा. ५ मिलीमीटर सरकल्याने चांगली तुळई पडत नाही. टोकाला वाळवीने खाल्लेल्या तुळईबद्दल मी ते म्हणणार नाही.

एका वाड्यात मी माजघराच्या भिंतीवरच्या भेगेपाशी उभा होतो, तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "ही आमच्या सासूबाईंच्या वेळची. पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते." मला हवी असलेली माहिती त्यांनी एका वाक्यात दिली. खाली काळी माती होती, ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. भुयार जानेवारीत आलं आणि भेग मे महिन्यात उघडली, तर दोष कुणाचा? आधीच्या वर्षभराच्या नोंदी असल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून मोजणी भुयार येण्यापूर्वी किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून झालेली असावी.

मोजणी कशी लावायची

भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत आहे. ती फुटली एवढंच कळतं, किती उघडली ते कळत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन पितळी स्क्रू पक्के बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्निअरने दर वेळी एकाच प्रहरी मोजा. सकाळी सातचं आणि दुपारी तीनचं माप उन्हामुळेच वेगळं येतं. बाजूला तारीख, माप आणि आडाच्या पाण्याची पातळी, एवढ्या तीन रकान्यांची वही पुरते.

आडाची पातळी का? कारण भुयारात किंवा त्यात उतरायच्या उभ्या शाफ्टमध्ये पाणी झिरपत असेल तर आजूबाजूचं पाणी उतरतं, माती आकसते आणि जमीन खचते. हा खच घंटेच्या वक्रात बसत नाही. तो रुंद पसरतो, उशिरा येतो, आणि १५ मीटरच्या पलीकडच्या घरांनाही पोचतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीकाठची पातळी वर जाते, तेही वहीत दिसलं पाहिजे, नाहीतर चढउताराचा अर्थ लागत नाही.

खुणांची ओळ भुयाराला काटकोनात हवी, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १५ मीटरपर्यंत, वाड्याच्या कितीतरी अलीकडे, जिथे तेवढी मोकळी जागा मिळेल तिथे. दूरच्या शहरातल्या एका भुयारावर मी नवा असताना आमच्या खुणा काँक्रीटच्या रस्त्यातच खिळे ठोकून केलेल्या होत्या. आठवडाभर लेव्हल घेतली, सगळं शून्य. आम्ही समाधानी होतो. मग एका सकाळी मजुराने पहार आपटली आणि स्लॅब घुमला: खालची माती निघून गेली होती आणि काँक्रीट पुलासारखं तरंगत होतं. तेव्हापासून मी सांगतो की खूण म्हणजे काँक्रीटमधून भोक पाडून, पाइपच्या आत, किमान मीटरभर खाली मातीत रोवलेली सळई. सळई काँक्रीटला कुठेही चिकटता कामा नये.

आता या ओळीचा खरा उपयोग. समजा वाड्याच्या चाळीस मीटर अलीकडच्या ओळीवरून यंत्र पुढे गेलं, खच थांबला आणि मध्ये ६ मिलीमीटर आला. बाजूच्या खुणांवरून i सुमारे ५ मीटरच निघाला. ६ गुणिले २.५ गुणिले ५ म्हणजे मीटरला ७५ लिटर, म्हणजे ०.६ टक्के. वाड्याचं गणित या ०.६ ने पुन्हा करा, ताण ०.०२६ टक्के येतो, काम चालू द्या. पण पहिल्या ओळीला १.८ टक्के निघाला, तर वाड्यापाशी पोचण्याआधी चाळीस मीटर आहेत आणि यंत्रात बदल करायला तेवढीच जागा आहे.

यंत्राकडे काय विचारायचं

शेपटीमागची पोकळी पाहू. भोक ४ मीटरचं आणि अस्तराच्या काँक्रीटच्या कड्यांचा बाहेरचा व्यास ३.८ मीटर असेल, तर भोवतीची फट मीटरला १.२३ घनमीटर. हे भोकाच्या जवळजवळ १० टक्के झालं. म्हणजे ही फट भरायचं पातळ मिश्रण, ग्राउट, कमी पडलं किंवा उशिरा भरलं, तर २ टक्के सहज ओलांडले जातात. १.२ मीटरच्या एका कड्यामागे जवळपास दीड घनमीटर ग्राउट गेलंच पाहिजे, आणि माती थोडं शोषते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त जातं. कड्याच्या नोंदवहीत दीडपेक्षा कमी आकडा दिसला की त्याच दिवशी विचारा.

खणलेली माती बाहेर नेणाऱ्या पट्ट्यावरच्या मातीचं वजनही बघतात. एका कड्याला १५ घनमीटर माती, दर घनमीटरला १.९ टन धरली तर साधारण २९ टन. २ टक्के व्हॉल्यूम लॉस म्हणजे त्यात फक्त अर्धा-पाऊण टन जास्त. पाणी आणि फेस मिसळलेल्या मातीत एवढा फरक वजनकाट्याला ओळखता येत नाही. काटा मोठी गफलत पकडतो: कड्याला तीन-चार टन जास्त आले तर वर कुठेतरी पोकळी झालेली आहे.

आणि ही गफलत नाशिकमध्ये एका ठिकाणी हमखास संभवते. भुयाराच्या तळाशी काळा पाषाण आणि छताशी गाळ, असा मिश्र छेद आला की यंत्र खडकामुळे हळू सरकतं. पाती मात्र फिरत राहतात आणि वरची मऊ माती प्रमाणाबाहेर खेचत राहतात. पुढे जाणं मिनिटाला काही मिलीमीटरवर आलं असताना मातीचा पट्टा भरभरून वाहत असेल, तर थांबवायची वेळ झाली. बोअरच्या अहवालात असा मिश्र छेद वाड्याखाली दिसत असेल, तर मी भुयार तीन-चार मीटर खाली, पूर्ण खडकात घेण्याचा आग्रह धरीन. मैलापाण्याच्या वाहिनीला उताराचं बंधन असतं, त्यामुळे हे दरवेळी जमत नाही. पण आराखड्याच्या टप्प्यावर विचारलं तर कधीकधी जमतं, खोदाई सुरू झाल्यावर कधीच नाही.

वाड्यात काय करून ठेवायचं

ओढ हा मुख्य शत्रू आहे, म्हणून बांधणी ओढीविरुद्ध हवी. सामाईक भिंतीच्या दोन्ही अंगांनी, माडीच्या तक्तपोशीच्या पातळीला, पुढून मागेपर्यंत लोखंडी सळया घालून दोन्ही टोकांना पट्ट्यांवर कसायच्या. कसणं हातापुरतंच, जोर लावून नाही, नाहीतर मातीचा गारा तिथेच चुरतो. दरवाजांच्या आणि खिडक्यांच्या पोकळीत लाकडी टेकू द्यायचे. कुजलेल्या तुळईखाली खांब उभा करायचा. सगळ्या खोल्यांचे फोटो दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर घेऊन, तारखेसह, मराठीत लिहिलेल्या पाहणीच्या कागदावर मालकाचीही सही घ्यायची आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवायची.

यंत्र खालून जात असताना त्या दोन-तीन दिवसांत मापं दिवसातून दोनदा. पुढे आठवड्याला, मग महिन्याला. भेगा लगेच बुजवायची घाई करू नका. चिकणमातीत पाणी हळूहळू निचरतं आणि खच काही महिने रेंगाळतो. पुढच्या वर्षी त्याच महिन्यातलं माप मागच्या वर्षीच्या मापाशी जुळलं, की मग सांधा मोकळा करून चुन्याच्या गाऱ्याने भरा. सिमेंट भरू नका. आजूबाजूच्या मातीच्या गाऱ्यापेक्षा ते कितीतरी कडक होतं, आणि काळी माती पुढच्या उन्हाळ्यात आकसली की भेग त्याच्या शेजारी नव्याने पडते.